खाण बंद पडली म्हणून सोनं घ्यावं का?

पत्र: "महिन्याभरात तीन बातम्या वाचल्या. एका मोठ्या सोन्याच्या खाणीत संप, दुसरीत पाणी शिरलं, आणि तिसरीकडे वीज नाही म्हणून खाणी अर्ध्याच चालू. माझे मेहुणे म्हणतात, आता पुरवठा आटणार आणि भाव भडकणार, तेव्हा हातातले पैसे सोन्यात टाका. शिवाय त्या खाण कंपनीचा शेअर पडलाय, तोही स्वस्तात उचला म्हणतात. काय करू?"

उत्तर: या बातम्यांच्या जोरावर सोनं घेऊ नका. तुम्हाला ते दुसऱ्या कारणासाठी घ्यायचं असेल, तर तो वेगळा विषय आहे. शेअरचं म्हणाल तर तिथे या बातम्यांना खरोखर वजन आहे, पण मेहुण्यांना वाटतं त्या बाजूने नाही. त्याकडे शेवटी येतो.

मेहुण्यांचा तर्क मुळात चुकीचा नाही, त्यांचा धातू चुकला आहे. हाच तर्क तांब्याला किंवा प्लॅटिनमला लावला असता तर मी मान डोलावली असती. यातला फरक कळायला २००८ सालच्या दक्षिण आफ्रिकेइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण तिथे एकाच दिवशी, एकाच कारणाने, सोनं आणि प्लॅटिनम या दोन्हींच्या खाणी बंद पडल्या.

एस्कॉम ही तिथली सरकारी वीज कंपनी. जानेवारी २००८ मध्ये तिच्याकडे वीज इतकी कमी पडली की देशभर भारनियमन सुरू झालं, आणि २४ तारखेला तिने मोठ्या खाण कंपन्यांना कळवलं की पुरवठ्याची हमी आता देता येणार नाही, वापर अगदी किमान ठेवा. घरात दोन तास वीज गेली तर आपण वैतागतो आणि वाट पाहतो. त्या खाणींत तसं करता येत नाही. काही खाणी साडेतीन-चार किलोमीटर खोल आहेत. खालचा दगडच साठ अंशांच्या आसपास तापलेला असतो, म्हणून वरून सतत थंड पाणी आणि हवा खाली सोडावी लागते. माणसं ने-आण करणारा पिंजरा विजेवर, हवा खेळवणारे पंखे विजेवर, झिरपणारं पाणी उपसणारे पंपही विजेवर. पाळी खाली असताना वीज गेली तर हजारो माणसं तिथेच अडकणार. त्यामुळे "हमी नाही" एवढे दोन शब्द पुरेसे होते. अँग्लोगोल्ड अशांती, गोल्ड फील्ड्स आणि हार्मनी या तिन्ही कंपन्यांनी २५ जानेवारीला काम थांबवलं. पंप आणि पंखे चालतील एवढीच वीज घेतली आणि माणसं खाली पाठवलीच नाहीत. काम पुन्हा सुरू व्हायला साधारण पाच दिवस गेले, आणि त्यानंतरही बराच काळ नेहमीच्या नव्वद टक्के विजेवर भागवावं लागलं.

आता हिशेब करू. २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत साधारण २५० टन सोनं निघालं होतं, म्हणजे दिवसाला पाऊण टनाहूनही थोडं कमी. देशातली प्रत्येक खाण पाचही दिवस पूर्ण बंद होती असं धरलं तरी बुडालेलं सोनं साडेतीन टनांच्या आतलं. पुढे वर्षभर वीज कमी मिळाल्याचा फटका मोठा होता. २००८ चं उत्पादन सुमारे २१५ टनांवर आलं. ही सगळी घट विजेमुळे झाली असं नाही, कारण तिथल्या खाणी जुन्या आहेत आणि उत्पादन आधीपासूनच घसरत होतं. तरीही मेहुण्यांच्या बाजूने उदार होऊन ही सगळी ३५ टनांची घट विजेच्या नावावर टाकू.

भावाचं काय झालं? २५ जानेवारीला सोन्याने औंसाला ९२० डॉलर ओलांडून नवा उच्चांक गाठला, आणि त्या दिवशीच्या बातम्यांत कारण म्हणून एस्कॉमचं नाव झळकलं. मार्चमध्ये सोनं हजार डॉलरच्याही वर गेलं. इथपर्यंत मेहुणे जिंकले असं वाटेल. पण त्याच आठवड्यात आणखी काय चाललं होतं तेही पाहा. २२ जानेवारीला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने नियोजित बैठकीची वाटही न पाहता व्याजदर पाऊण टक्क्याने कापला आणि ३० तारखेला आणखी अर्ध्या टक्क्याने. डॉलर घसरत होता, बँका डगमगत होत्या. सोनं व्याज देत नाही, त्यामुळे व्याजदर पडले की ते जवळ ठेवण्याचा तोटा कमी होतो आणि लोक त्याकडे वळतात. यातलं किती खाणींमुळे आणि किती फेडमुळे, हे त्या आठवड्यात बसून कोणालाच वेगळं करता आलं नसतं.

पुढच्या महिन्यांनी ते वेगळं केलं. खाणींची वीज-टंचाई संपली नव्हती, उत्पादन कमीच होतं, तरीही वर्ष संपण्याआधी सोनं सातशेच्या घरात येऊन गेलं, कारण आर्थिक संकटात रोकड उभी करायला लोकांनी हाती लागेल ते विकलं. खाणींनी भाव धरून ठेवला असता तर तो असा कोसळला नसता.

प्लॅटिनमची गोष्ट निराळी. नव्याने निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी जवळपास तीन चतुर्थांश एकट्या दक्षिण आफ्रिकेतून यायचं. मोटारींच्या धुराड्यांतले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये ते लागायचंच, आणि कारखान्यांकडे साठा बेताचाच. संकटाच्या वेळी भाव सोळाशे डॉलरच्या आसपास होता, तो मार्चच्या सुरुवातीला बावीसशेच्या वर गेला. व्याजदरांची पार्श्वभूमी तीच, वीज कंपनी तीच, बंद पडलेले दिवसही तेच. पाच-सहा आठवड्यांत प्लॅटिनम जवळपास चाळीस टक्के चढलं आणि सोनं त्याच्या पाव-एक भाग. (मोटारींची विक्री मंदावल्यावर प्लॅटिनम वर्षअखेरीस जोरात आपटलं, तो भाग मेहुण्यांना मुद्दाम सांगा.)

या फरकाचं कारण साठा. आजवर माणसाने जमिनीतून काढलेलं जवळजवळ सगळं सोनं कुठल्या ना कुठल्या रूपात अजून शिल्लक आहे, कारण ते गंजत नाही, जळत नाही आणि फेकून देण्याइतकं स्वस्त कधीच नसतं. हा साठा सुमारे २,१६,००० टनांचा आहे. सगळ्या जगातल्या खाणी मिळून वर्षाला त्यात साधारण ३,६०० टनांची भर घालतात, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. जुनं सोनं वितळवून आणखी हजार-तेराशे टन बाजारात येतं, आणि भाव चढला की हा आकडा वाढतो. एकट्या लंडनच्या तिजोऱ्यांत साडेआठ हजार टनांच्या वर सोनं पडून असतं. गव्हाचं पीक बुडालं तर गेल्या वर्षीचा गहू फार दिवस पुरत नाही, कारण तो खाल्ला जातो. सोन्याच्या बाबतीत यंदाचं "पीक" आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं "पीक" एकाच बाजारात विकायला उभं असतं. त्यामुळे भाव ठरतो तो आधीच सोनं धरून बसलेल्यांना ते सोडावंसं वाटतं की नाही यावर. त्यात नवं सोनं किती आलं, याचा वाटा फार छोटा.

शिवाय उत्पादन आता खूप देशांत विखुरलेलं आहे. १९७० मध्ये दक्षिण आफ्रिका एकटी वर्षाला सुमारे हजार टन काढायची. आज सर्वांत मोठा उत्पादक चीन आहे आणि त्याचाही वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. खरं म्हणजे हा वाटा खूप मोठा होता तेव्हाही संपाने फारसं काही झालं नव्हतं. ऑगस्ट १९८७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुमारे तीन लाख खाणकामगार तीन आठवडे संपावर होते. त्यांच्या संघटनेचे नेते होते सिरिल रामफोसा, जे पुढे त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा जगातलं एक तृतीयांशाहून जास्त नवं सोनं त्याच देशातून येत होतं. आणि सोन्याचा सरासरी भाव? ऑगस्टमध्ये ४६० डॉलरच्या आसपास, संप मिटल्यावर सप्टेंबरमध्येही जवळपास तेवढाच.

अलीकडचा संप पाहायचा असेल तर २०२२ चा पाहा. सिबान्ये-स्टिलवॉटर या कंपनीच्या दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत मार्चमध्ये पगारवाढीसाठी संप सुरू झाला आणि जूनमध्ये मिटला. सुरू होताना युक्रेन युद्धामुळे सोनं दोन हजार डॉलरच्या आसपास होतं, मिटला तेव्हा साडेअठराशेच्या जवळपास. तीन महिने खाणी बंद आणि भाव उलटा उतरला, कारण त्याच मार्चमध्ये फेडने व्याजदर वाढवायला सुरुवात केली होती.

या संपात मला भावापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त शिकण्यासारखी वाटते, आणि ती तुमच्या शेअरच्या प्रश्नाला थेट लागू पडते. कंपनीच्या या खाणींतून २०२१ मध्ये सुमारे ३३ टन सोनं निघालं होतं, २०२२ मध्ये सुमारे १९ टन. काम तीन महिने बंद होतं, म्हणजे वर्षाचा चौथा भाग. मग उत्पादन चाळीस टक्क्यांनी कसं पडलं?

कारण खोल खाण बटण दाबून सुरू होत नाही. सोन्याचा थर अरुंद असतो, त्यामुळे खोदकामाची जागाही बुटकी असते, आणि वरच्या अफाट वजनाने छत हळूहळू खाली येत राहतं. रोज काम चालू असतं तेव्हा आधार लावत लावत पुढे सरकतात. काम थांबलं की छत येतच राहतं, आधार मात्र नवे लागत नाहीत. महिन्यांनी परत गेलात तर आधी प्रत्येक जागा तपासायची, ढिले दगड पाडायचे, आधार बदलायचे, रूळ आणि नळ दुरुस्त करायचे, कामगारांची वैद्यकीय तपासणी आणि उजळणी प्रशिक्षण करायचं, मग पहिला सुरुंग. काही जागा सोडूनच द्याव्या लागतात. बातमीत "संप मिटला" असं छापून येतं त्या दिवशी सोनं निघायला लागत नाही. त्याच्या उलट, संपाच्या पहिल्या आठवड्यात सोनं लगेच थांबतही नाही, कारण वर काढून ठेवलेल्या दगडाचा ढीग गिरणीला काही दिवस पुरतो आणि प्रक्रियेच्या टाक्यांत अडकलेलं सोनं बाहेर येत राहतं. म्हणून नुकसान बातमीच्या मागून येतं आणि बातमीनंतरही राहतं.

पाण्याचं गणित आणखी कठोर आहे. संपात किंवा भारनियमनात दगडातलं सोनं दगडातच राहतं, ते उशिराने का होईना निघेल. पाणी मात्र खाण कायमची घेऊ शकतं. ज्या ड्रिफोन्टेन संकुलात २०२२ चा संप झाला, तिथल्याच वेस्ट ड्रिफोन्टेन खाणीत ऑक्टोबर १९६८ मध्ये डोलोमाइट या खडकाच्या थरातलं पाणी फुटून आत घुसलं. पंप कमी पडत होते आणि खालचे मजले बुडत होते. अखेर बोगद्यांत काँक्रीटचे मोठे बूच बांधून पाणी रोखलं, त्याला तीन आठवड्यांहून जास्त लागले. बूच बसले नसते तर त्या काळातली जगातल्या सर्वांत श्रीमंत खाणींपैकी एक खाण पाण्याखाली गेली असती. म्हणून पुराच्या बातमीत मी सगळ्यात आधी शोधतो ते पंप चालू आहेत की नाहीत. उघड्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं तर ते काही आठवड्यांत उपसता येतं. खोल भूमिगत खाणीत पंपच बुडाले असतील तर वेळेचा अंदाज द्यायला कंपनीही धजत नाही, आणि अशा वेळी घाईने दिलेल्या तारखेवर विश्वास ठेवू नये.

सप्टेंबर २०२५ मध्ये इंडोनेशियातल्या पापुआत ग्रासबर्ग खाणीत असंच घडलं, फरक एवढाच की तिथे नुसतं पाणी नव्हतं, ओल्या चिखलाचा लोट होता. ८ तारखेला सुमारे आठ लाख टन चिखल भूमिगत भागात घुसला आणि सात कामगारांचा जीव गेला. ही खाण तांब्यासाठी ओळखली जाते, पण त्याच दगडातून वर्षाला पन्नास टनांहून जास्त सोनंही निघतं, त्यामुळे सोन्याच्या जगातल्या सर्वांत मोठ्या खाणींतही तिची गणना होते. २४ तारखेला ही खाण चालवणाऱ्या फ्रीपोर्ट कंपनीने जाहीर केलं की ठरलेला माल पुरवता येणार नाही आणि पूर्वपदाला यायला मोठा काळ लागेल. त्या एका दिवसात तांबं उसळलं, फ्रीपोर्टचा शेअर साधारण १७ टक्के कोसळला, आणि सोनं? ते आदल्या दिवशीच्या उच्चांकावरून थोडं खालीच आलं. एकाच खाणीतल्या दोन धातूंनी एकाच बातमीला दिलेली ही दोन उत्तरं आहेत. पुढे दोन आठवड्यांत सोन्याने चार हजार डॉलर ओलांडले तेव्हा काहींनी ग्रासबर्गचं नाव घेतलं. पण सोनं त्या आधीपासूनच व्याजदर कपात आणि मध्यवर्ती बँकांच्या खरेदीवर चढत होतं.

पुरवठ्याच्या अडथळ्याने सोन्याचा भाव खरोखर हलल्याचं एक उदाहरण मला माहीत आहे, पण ते खाणीचं नाही. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागातले तीन मोठे शुद्धीकरण कारखाने बंद झाले आणि विमानंही थांबली. सोनं भरपूर होतं, पण लंडनमध्ये, चारशे औंसांच्या लगडींत. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात लागत होत्या शंभर औंसांच्या किंवा एक किलोच्या. एरवी या लगडी वितळवून छोट्या करणारे कारखाने नेमके बंद. दोन शहरांच्या भावांतला फरक एरवी एक-दोन डॉलरचा असतो, तो २४ मार्चला सत्तर डॉलरच्या आसपास गेला. कारखाने थोडे सुरू झाले आणि नियम थोडे सैल केले, तशी ही दरी हळूहळू भरत गेली. तेव्हा खाण बंद झाल्याच्या बातमीपेक्षा शुद्धीकरण कारखाना किंवा वाहतूक बंद झाल्याची बातमी आली, तर मी कान टवकारीन. तीही थोड्या दिवसांची गोष्ट असते आणि तिचा फायदा मोठ्या व्यापाऱ्यांना होतो, तुम्हा-आम्हाला त्यात फक्त जास्तीचा दर मोजावा लागतो.

आता तुमच्या तीन बातम्या. प्रत्येक खाणीचं वर्षाचं उत्पादन किती टन आहे ते शोधा. बातमीत औंस दिले असतील तर एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, म्हणजे एक लाख औंस साधारण तीन टन. बंद राहण्याचा काळ कंपनी सांगेल त्याच्या दीडपट धरा, तिन्हींचे बुडणारे टन एकत्र करा आणि ३,६०० शी ताडून पाहा. बहुतेक वेळा उत्तर एक टक्क्याच्या आत येईल, आणि तेही वर्षाच्या नव्या उत्पादनाच्या, एकूण साठ्याच्या नव्हे. हा कागद मेहुण्यांना दाखवायला हरकत नाही.

राहिला शेअर. सोन्याचा भाव जागचा हलत नाही, पण कंपनीचं विकायला येणारं सोनं मात्र खरोखर घटतं, आणि खर्च तेवढ्या प्रमाणात घटत नाही. संपात मजुरी वाचते हे खरं. पंप, पंखे, थंड हवा, सुरक्षा आणि कर्जावरचं व्याज चालूच राहतं. महागडी खोल खाण असेल तर काही महिन्यांत वर्षाचा नफा पुसला जातो. म्हणून पडलेला शेअर स्वस्त आहे असं समजण्याआधी त्या कंपनीची ही एकच खाण आहे की इतरही आहेत, रोकड किती महिने पुरेल, आणि तिने वर्षाच्या उत्पादनाचा अंदाज नव्याने जाहीर केला आहे का, हे पाहा. अंदाज अजून बदलला नसेल तर वाईट बातमीचा दुसरा हप्ता यायचा आहे असं धरून चाला, आणि पुढचा तिमाही अहवाल येईपर्यंत पैसे आहेत तिथेच राहू द्या.